दत्तकपत्र नोंदवलं, म्हणजे दत्तक झालं असं नाही! ताई महाराज खटल्यापासून आजच्या सातबाऱ्यापर्यंत

पुणे : गावाकडे दत्तक हा शब्द निघाला की पाठोपाठ दुसरा शब्द येतो, तो सातबारा. मूलबाळ नसलेल्या किंवा फक्त मुली असलेल्या घरात पुतण्याला, भाच्याला नाहीतर मुलीच्या मुलाला मांडीवर घेतलं जातं. स्टँपवर दत्तकपत्र होतं, दुय्यम निबंधकाकडे नोंद होते, जेवणावळ उठते. पुढं दहा-वीस वर्षांनी दत्तक घेणारा वारला की वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडे हरकत येते आणि प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं. तिथं पहिला प्रश्न "कागद आहे का" एवढाच नसतो. "घेणाऱ्याला घेण्याचा अधिकार होता का, देणाऱ्याला देण्याचा होता का, आणि ज्यांची संमती लागते त्यांनी ती खरोखर दिली होती का" हे तिथं विचारलं जातं.

सर्वोच्च न्यायालयाने काही काळापूर्वी उत्तर प्रदेशातील एका दत्तकपत्राबाबत हेच केलं. ते दत्तकपत्र १९६७ सालचं होतं. दत्तक घेणाऱ्याला मुली होत्या आणि दत्तक म्हणवणारा त्याच्या जमिनीवर हक्क सांगत होता. पत्नीची संमती कागदावर दिसत नाही, या मुख्य कारणावरून अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते दत्तक मान्य केलं नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. मुलींना वारशातून बाजूला काढण्यासाठी ग्रामीण भागात ही पद्धत वापरली जाते, अशा अर्थाचं बोलही न्यायालयाने सुनावलं. पन्नासहून अधिक वर्षांनंतर कागद कोसळला, तो एका बाईची संमती नव्हती म्हणून.

हा वाद नवा नाही. दत्तकाच्या संमतीवरून झालेला महाराष्ट्रातला सर्वात गाजलेला खटला पुणे शहरातलाच आहे. तो समजून घेतला तर आजचा कायदा आपोआप समजतो.

पुण्याचा ताई महाराज खटला

पुण्यातील सरदार वासुदेव हरिहर पंडित, म्हणजेच बाबा महाराज, ७ ऑगस्ट १८९७ रोजी वारले. मरण्यापूर्वी त्यांनी मृत्युपत्र केलं आणि इस्टेटीचा कारभार पाहण्यासाठी विश्वस्त नेमले. लोकमान्य टिळक आणि दादासाहेब खापर्डे हे त्यांपैकी दोघे. बाबा महाराजांच्या पत्नी सकवारबाई, म्हणजेच ताई महाराज, त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन वारला, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी मृत्युपत्रात तरतूद होती. १८९८ मध्ये मुलगा झाला, पण तो लवकरच वारला. म्हणजे दत्तकाची वेळ आली.

जून १९०१ मध्ये टिळक, खापर्डे आणि ताई महाराज औरंगाबादला गेले. त्या भागात पंडित घराण्याच्या शाखा होत्या. तिथल्या मुलांपैकी जगन्नाथ नावाचा मुलगा निवडला गेला आणि त्याचं दत्तकविधान झालं. पुण्याला परतल्यावर मात्र वारं फिरलं. ताई महाराजांचं मन कोल्हापूरच्या शाखेकडे वळलं आणि ऑगस्ट १९०१ मध्ये त्यांनी तिथल्या बाळा महाराजांना दत्तक घेतलं. एकाच घराला आता दोन दत्तक पुत्र झाले.

सगळा वाद एका प्रश्नावर येऊन थांबला. औरंगाबादला नेमकं काय झालं होतं? तिथं फक्त मुलगा पसंत केला, पक्कं दत्तक झालंच नाही, आपल्यावर दबाव होता, असं ताई महाराजांच्या बाजूचं म्हणणं. मुलगा देणाऱ्याने दिला, बाईंनी समजून-उमजून घेतला, विधान पुरं झालं, असं टिळकांच्या बाजूचं म्हणणं. दुसरं खरं असेल तर बाळा महाराजांचं दत्तक आपोआप रद्द, कारण एकदा नीट झालेलं दत्तक मन बदललं म्हणून परत फिरत नाही.

या एका प्रश्नाने चौदा वर्षं खाल्ली. आधी टिळकांवरच खोट्या साक्षीचा फौजदारी खटला झाला. ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, अपिलात ती सहा महिन्यांवर आली आणि मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती पूर्ण रद्द केली. दिवाणी दाव्याचा निकाल पुण्याच्या न्यायालयाने १९०६ मध्ये जगन्नाथाच्या बाजूने दिला. टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फिरवला. शेवटी मार्च १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला ठेवला. औरंगाबादला मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं गेलं होतं, म्हणून जगन्नाथाचं दत्तक खरं, असा तो निकाल होता. ताई महाराज तोपर्यंत हयात नव्हत्या.

या खटल्यात पैसा, वकील, मोठी माणसं, साक्षीदार कशाचीच कमतरता नव्हती. तरी "त्या दिवशी कोणी कोणाला काय दिलं आणि ते मनापासून होतं का" हे सिद्ध करायला चौदा वर्षं गेली. चार एकरवाल्या शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न उद्भवला तर काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

आजचा कायदा कशावर बोट ठेवतो

ताई महाराजांच्या काळी जुनं हिंदू धर्मशास्त्र आणि त्यावरचे न्यायनिवाडे चालत. आता १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा आहे. हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो लागू आहे. त्यात २०१० साली मोठा बदल झाला आणि बाईचा हक्क पुरुषाच्या बरोबरीला आला.

हा कायदा चार गोष्टी तपासतो. घेणारा पात्र आहे का? देणारा पात्र आहे का? मूल दत्तक जाण्याजोगं आहे का? आणि देणं-घेणं प्रत्यक्ष झालं का? चारपैकी एक जरी ढासळली तरी दत्तक रद्दबातल. तीन बरोबर आहेत म्हणून चौथी माफ होत नाही.

नुसते नियम वाचून हे डोक्यात बसत नाही. म्हणून एक कल्पित घर घेऊ. समजा, शिरूर तालुक्यात एक काका-काकू आहेत. त्यांना एक लग्न झालेली मुलगी आहे, मुलगा नाही. काकांच्या धाकट्या भावाला दोन मुलगे. त्यातला बारा वर्षांचा पुतण्या काका-काकूंना दत्तक घ्यायचा आहे. मुलगी असताना मुलगा दत्तक घेता येतो का? येतो. मुलगा दत्तक घ्यायचा तर घरात हयात मुलगा, मुलाचा मुलगा किंवा मुलाच्या मुलाचा मुलगा नसावा, एवढीच अट आहे. मुलगी असणं किंवा मुलीला मुलगा असणं आड येत नाही. मात्र काकांचा मुलगा वारलेला असेल आणि त्याच्या पाठीमागे नातू असेल, तर मुलगा दत्तक घेता येणार नाही.

आता याच घरात परिस्थिती थोडी-थोडी बदलून पाहू.

पहिली परिस्थिती : काकांनी सही केली, काकूंनी नाही

काका भावाकडे गेले, दत्तकपत्र केलं, मांडीवर घेतलं. काकूंचा विरोध होता, कारण मुलीचा हिस्सा कमी होईल असं त्यांना वाटत होतं. हे दत्तक टिकत नाही. विवाहित पुरुषाला पत्नीच्या संमतीशिवाय दत्तक घेता येत नाही. पत्नीने संन्यास घेतला असेल, तिने हिंदू धर्म सोडला असेल किंवा सक्षम न्यायालयाने तिला मनोरुग्ण ठरवलं असेल, तरच संमती लागत नाही. "ती माहेरी राहते", "आमचं बोलणं नाही", "बाई जरा भोळी आहे" ही कारणं कायद्याला चालत नाहीत. न्यायालयाचा घटस्फोट झालेला नसेल तर ती पत्नीच आहे.

इथं एक बारीक गोष्ट आहे आणि बहुतेक घरं त्यातच फसतात. काकू कार्यक्रमात हजर होत्या, फोटोतही आहेत, मग संमती झाली का? मध्य प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये याचं उत्तर दिलं. पत्नी गर्दीत नुसती बसलेली असणं म्हणजे संमती नव्हे. संमती लेखी असावी, नाहीतर तिने स्वतःहून, मनापासून केलेल्या एखाद्या ठोस कृतीतून ती दिसावी. मूल तिने स्वतः मांडीवर घेतलं, दत्तकपत्रावर घेणारी म्हणून सही केली, तर ती संमती. चहा-पाण्याची व्यवस्था पाहिली, तर ती संमती नव्हे.

काकूंनाच दत्तक घ्यायचं असेल तर काय? २०१० पूर्वी नवरा हयात असलेल्या बाईला स्वतःच्या नावे दत्तक घेता येत नव्हतं. आता येतं, पण मग काकांची संमती लागते. नियम दोन्हीकडे सारखा झाला आहे.

दुसरी परिस्थिती : पुतण्याची आई तयार नाही

काका-काकू दोघंही राजी आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, "माझा पोरगा, मी देतो." त्याच्या बायकोला ते मान्य नाही. हेही दत्तक टिकत नाही. मूल देण्याचा अधिकार आई आणि वडील दोघांनाही सारखा आहे, पण एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय तो वापरता येत नाही. गावाकडे घेणाऱ्यांची सगळी काळजी घेतली जाते आणि देणाऱ्या आईला कोणी विचारत नाही. वाद निघाला की विरुद्ध बाजूचा वकील नेमका तिलाच साक्षीला बोलावतो.

आई-वडिलांपैकी एक वारला असेल तर उरलेला एकटा देऊ शकतो. पण दोघंही वारले आणि पोरगा आजोबांकडे वाढतोय, अशी परिस्थिती असेल तर? आजोबांनी सही करून नातू दिला तरी ते चालत नाही. कायद्यात "देणारा" म्हणजे आई, वडील किंवा पालक. पालकाला देण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती देताना न्यायालय मुलाचं हित पाहतं आणि वय-समज पाहून मुलाची इच्छाही विचारतं. ही परवानगी नसेल, तर आजोबांचं प्रेम कितीही खरं असलं तरी दत्तक कच्चं राहतं.

तिसरी परिस्थिती : काका वारल्यावर काकू एकटी

काका वारले. काकूंनी एकटीने पुतण्याला दत्तक घेतलं. चालतं. विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित बाई सज्ञान आणि शुद्धीत असेल तर ती एकटी दत्तक घेऊ शकते. दिराची, सासूची किंवा भावकीची परवानगी लागत नाही. ताई महाराजांवर विश्वस्तांच्या संमतीची अट होती, ती मृत्युपत्रातून आली होती. आजच्या काकूंवर तशी अट नाही.

पण परिणामांकडे नीट लक्ष द्यायला हवं. काका वारले त्याच क्षणी काकू आणि मुलगी यांचे वारसहक्क लागले. नंतर आलेला दत्तक पुत्र कोणाच्या पदरात पडलेली मालमत्ता काढून घेऊ शकत नाही, असं कायदा स्पष्ट सांगतो. म्हणजे मुलीचा हिस्सा मुलीचाच राहतो. सरकारी कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनाबाबतही असंच आहे. नागपूरच्या एका प्रकरणात केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्याच्या विधवेने पतीच्या निधनानंतर मुलगा दत्तक घेतला होता. त्या मुलाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. दत्तक खरं असलं तरी मागची प्रत्येक गोष्ट त्याच्याकडे चालून येत नाही.

चौथी परिस्थिती : पुतण्या सतरा वर्षांचा

कायद्यात लिहिलंय की दत्तक जाणाऱ्याने वयाची पंधरा वर्षं पूर्ण केलेली नसावीत आणि त्याचं लग्न झालेलं नसावं. पण पुढंच लिहिलंय, त्या समाजात तशी रूढी असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या मुंबई प्रांतात कोणत्याही वयाचा माणूस दत्तक जाऊ शकतो, अशी रूढी न्यायालयांनी मानली होती. पंधरापेक्षा मोठ्या वयाच्या दत्तकाबाबत ही रूढी महाराष्ट्रातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ग्राह्य धरली. त्यामुळे महाराष्ट्रात वयावरून दत्तक पडणं तुलनेने कमी घडतं. तरी इतर राज्यांतले नियम मोबाईलवर वाचून "पंधरानंतर अजिबात नाही" किंवा "कधीही चालतं" असं ठोकून सांगू नये. आपल्या समाजाची रूढी दाखवायची तयारी ठेवावी.

रूढीची सूट फक्त वय आणि लग्न यांना आहे. संमतीला कुठलीही रूढी सूट देत नाही. "आमच्यात बायकांना विचारत नाहीत" ही रूढी न्यायालयात चालत नाही.

आणखी एक मोजमाप ध्यानात ठेवावं. एकट्या पुरुषाने मुलगी किंवा एकट्या बाईने मुलगा दत्तक घेतला, तर दोघांच्या वयात किमान एकवीस वर्षांचं अंतर हवं. काका वारल्यावर चाळीस वर्षांच्या काकूंनी वीस वर्षांचा पुतण्या घेतला, तर वयाची रूढी दाखवूनही एक वर्षाने गणित चुकतं.

पाचवी परिस्थिती : दवाखान्यातला अंगठा

काकांना पक्षाघात झाला. बोलता येत नाही. शेवटच्या आठवड्यात कोणीतरी दत्तकपत्रावर अंगठा घेतला. इथं प्रश्न पात्रतेचा. दत्तक घेणारा शुद्ध मनाचा हवा. शरीर आजारी असणं म्हणजे मन अशुद्ध नव्हे, हात-पाय गेलेला माणूसही दत्तक घेऊ शकतो. पण आपण काय करतोय हे त्याला कळत होतं का, हे दाखवावं लागतं. डॉक्टरची त्या दिवसाची नोंद नाही, मूल दवाखान्यात आणलंच नव्हतं, अंगठ्यानंतर चार दिवसांत माणूस गेला. अशा वेळी न्यायालयाला संशय आला तर नवल नाही.

नोंदणीने काय मिळतं, काय मिळत नाही

देणारा आणि घेणारा दोघांच्या सहीचं दत्तकपत्र नोंदलेलं असेल, तर दत्तक कायद्याप्रमाणे झालं असं न्यायालय आधी धरून चालतं. ते खोटं आहे हे समोरच्याने सिद्ध करायचं. हा मोठा फायदा आहे. पण दुय्यम निबंधक कागद नोंदवतो, दत्तक खरं की खोटं हे ठरवत नाही. तलाठ्याने फेरफार धरला म्हणूनही दत्तक पक्कं होत नाही. पत्नीची संमती नव्हती किंवा मूल दिलं-घेतलंच नव्हतं असं पुढं आलं, की नोंदलेला कागदही पडतो.

मूल प्रत्यक्ष देणं-घेणं हा दत्तकाचा गाभा आहे. होम-हवन झालं नाही तरी चालतं, कायद्याने दत्तहोमाची सक्ती ठेवलेली नाही. पण जन्मदात्याने मूल दिलं आणि नव्या आई-बापाने ते घेतलं, ही कृती व्हावीच लागते. आधी ही कृती, मग तिची हकीकत सांगणारा कागद. आपल्याकडे अनेकदा उलटं होतं. कागद तयार होतो आणि पोरगा त्या दिवशी शाळेत असतो.

दत्तक खरं होतं की जमिनीपुरतं, हे नंतरच्या कागदांवरूनही दिसतं. दत्तकानंतर दहा वर्षांनी काढलेल्या शाळेच्या दाखल्यावर जन्मदात्या बापाचंच नाव, रेशनकार्डात जुनंच घर, आणि जन्मदात्याच्या जमिनीत वारस म्हणूनही नोंद. हे सगळं एकत्र आलं की समोरचा वकील विचारतो, "दत्तक गेला होता, तर मग इथं हिस्सा कसा घेतला?" खरं दत्तक झालं की जन्मघरच्या वारशाचा धागा तुटतो. दत्तकाआधीच काही मालमत्ता त्याच्या मालकीची झालेली असेल तर तेवढी त्याच्याकडे राहते. दोन्ही घरचं खाणं कायद्यात बसत नाही.

मूल देण्या-घेण्यासाठी पैसे किंवा मोबदला घेणं हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दवाखान्यातून किंवा ओळखीतून मिळालेलं अनाथ, सोडून दिलेलं बाळ या मार्गाने परस्पर घेता येत नाही. त्यासाठी बाल न्याय कायद्याचा वेगळा मार्ग आहे आणि तिथं दत्तकाचा आदेश आता जिल्हाधिकारी देतात.

चार सह्या आणि एक मुलगी

शिरूरच्या त्या कल्पित घरात दत्तक पक्कं करायचं, तर दत्तकपत्रावर काका, काकू, धाकटा भाऊ आणि त्याची बायको अशा चौघांच्या सह्या हव्यात. दोन्ही बायकांना मजकूर मराठीत वाचून दाखवला, असं त्यात लिहिलेलं हवं. मूल कोणत्या दिवशी, कुठं, कोणासमोर दिलं-घेतलं तेही हवं. साक्षीदार शक्यतो तरुण निवडावेत, कारण वाद उठतो तो वीस वर्षांनी.

राहता राहिली काका-काकूंची लग्न झालेली मुलगी. तिची संमती कायद्याने लागत नाही. पण दत्तकामुळे तिचा हक्कही जात नाही. काकांनी मृत्युपत्र केलं नाही, तर त्यांच्या स्वकष्टाच्या मालमत्तेत काकू, मुलगी आणि दत्तक मुलगा यांचे तीन सारखे वाटे होतात. ज्या घराला मुलगा हवा आहे त्याला हा कायदा मुलगा देतो. मुलीला वजा करण्यासाठी मात्र तो उपयोगी पडत नाही, आणि तशा हेतूने केलेल्या कागदाकडे न्यायालयं आता जास्त बारकाईने पाहू लागली आहेत.